चार अधिक, दोन तारे

जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या सनस्क्रीनच्या बाटलीवर पुढच्या बाजूला फारसा मजकूर नसतो. उत्पादनाचे नाव, त्याखाली एसपीएफ ५०+, शेजारी पीए++++, आणि गेल्या काही वर्षांपासून ‘यूव्ही ताइसुइसेई’ हे शब्द व त्यांच्यापुढे एक किंवा दोन तारे. मागच्या बाजूला मात्र अगदी बारीक अक्षरांत दहा-बारा ओळी दाटीवाटीने बसवलेल्या असतात. माझी मावसबहीण सध्या ओकिनावात राहते. तिने अशाच एका बाटलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले, “ताई, रविवारी समुद्रावर जातोय. हे लावून चिऊला किती वेळ पाण्यात सोडता येईल, तेवढंच सांग.”

फोटो फक्त पुढच्या बाजूचा होता. जपानीतून भाषांतर करणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे ती तीन चिन्हे वाचायला वेळ लागणार नव्हता. पण ‘किती वेळ’ याचे उत्तर त्यांच्यात नव्हते. मी तिला मागच्या बाजूचे फोटो मागितले. बाटली गोल असली की ओळींची टोके वळणावर दिसेनाशी होतात, म्हणून बाटली थोडी थोडी फिरवून तीन फोटो काढायला सांगितले. त्या मागच्या ओळींत आकड्यांच्या अटी असतात. आकडे पुढे आणि अटी मागे, ही रचना जगभरच्या लेबलांची आहे. ज्याला ती भाषा येत नाही त्याच्यापर्यंत आकडा आपोआप पोहोचतो, कारण ५० हा आकडा आणि अधिकचे चिन्ह सगळीकडे सारखेच असते. अट मात्र तिथेच राहते.

आधी एसपीएफ. हा आकडा घड्याळाशी जोडायची सवय इतकी पक्की आहे की शिकलेली माणसेही तो तसाच समजावून सांगतात: उघड्या अंगाला दहा मिनिटांत चटका बसत असेल, तर एसपीएफ ५० लावून पन्नास पट, म्हणजे पाचशे मिनिटे, निर्धास्त राहा. हा आकडा प्रत्यक्षात कसा काढतात ते पाहिले की हा हिशेब कुठे बिघडतो ते कळते.

आयएसओ २४४४४ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि जपानमधली चाचणी त्याला धरून होते. निदान दहा माणसांच्या पाठीवर छोटे छोटे चौकोन आखतात. काही चौकोनांवर सनस्क्रीन लावतात, काही उघडे ठेवतात. मग सूर्यप्रकाशासारखा अतिनील प्रकाश देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली त्या चौकोनांना वाढत्या मात्रा देतात आणि सोळा ते चोवीस तासांनी पाठ पाहतात. उघड्या त्वचेवर पुसटशी लाली उमटायला जेवढी मात्रा लागली, त्याच्या किती पट मात्रा सनस्क्रीन लावलेल्या त्वचेला लागली, ते गुणोत्तर म्हणजे एसपीएफ. म्हणजे मोजले जाते ते किरणांचे एकूण माप. वेळ मोजलाच जात नाही. सकाळी आठच्या उन्हात तासाभरात अंगावर पडणारी मात्रा दुपारी बाराच्या उन्हात त्याच्या लहानशा भागात पडून जाते. म्हणून त्या आकड्याला मिनिटांनी गुणणे निरर्थक ठरते. ऊन दिवसभर एकाच प्रखरतेचे असते तरच ते चालले असते.

भाषांतरात मी हे असे लिहिते: ‘लाली आणणाऱ्या किरणांपैकी सुमारे पन्नासावा भाग त्वचेपर्यंत पोहोचतो’. असे म्हटले की आणखी एक गोष्ट आपोआप उलगडते. एसपीएफ ३० आणि ५० यांत फरक नाममात्र आहे, एक सत्त्याण्णव टक्के अडवते आणि दुसरे अठ्ठ्याण्णव, असे बऱ्याचदा ऐकू येते. पण त्वचेला अडलेल्या किरणांशी काही देणेघेणे नसते, तिला भाजतात ते आत शिरलेले. ३० मधून शंभरातले साधारण ३.३ आत येतात, ५० मधून २. म्हणजे ३० लावणाऱ्याच्या त्वचेला दीडपटीहून जास्त मार बसतो. शिवाय हे गुणोत्तर आहे, त्यामुळे मूळ ऊनच कडक असेल तर त्याचा पन्नासावा भागही कडक असतो. ओकिनावातल्या जुलैच्या दुपारी काय किंवा तारकर्लीच्या मे महिन्यातल्या दुपारी काय, बाटलीवरचा आकडा तोच असला तरी अंगात शिरणारे ऊन कोवळ्या सकाळपेक्षा कितीतरी जास्त असते.

५० नंतरचे अधिकचे चिन्ह नीट वाचावे लागते. जपानमध्ये लेबलवर छापायची कमाल मर्यादा ‘५०+’ आहे. चाचणीत ५० च्या वर आकडा आला की एवढेच लिहायचे, मग तो किती वर गेला ते ग्राहकाला सांगायचे नाही. त्यामुळे भाषांतर ‘५० पेक्षा जास्त’ इतकेच. त्याचा शंभर असा अर्थ लावू नये, आणि अधिकचे चिन्ह गाळून नुसते ५० असेही लिहू नये.

आता मागच्या बाजूची पहिली महत्त्वाची ओळ. मराठीत ती अशी येते: ‘वापरलेले प्रमाण कमी असल्यास अतिनील किरणांपासून पुरेसे संरक्षण मिळत नाही.’ वाचणाऱ्याला ही औपचारिक सूचना वाटते आणि तो पुढे सरकतो. खरे तर एसपीएफची सगळी भिस्त या ओळीवर आहे. चाचणीत त्या चौकोनावर लावतात ते माप ठरलेले असते: दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम. लोक घरी लावतात ते बहुधा याच्या निम्मे, आणि पुष्कळदा पाव. थर निम्मा झाला की संरक्षण निदान निम्म्यावर येते असे धरूनच चालावे. तेव्हा ५०+ ची बाटली पातळ हाताने फासणाऱ्याच्या अंगावर प्रत्यक्षात वीस-पंचवीसचे, कधी त्याहूनही कमी संरक्षण असते.

दोन मिलिग्रॅम म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मी बहिणीला तिच्या मुलीचाच हिशेब करून पाठवला. चिऊ नऊ वर्षांची आहे. या वयाच्या मुलीच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मीटर, म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर धरू. बिनबाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला तर त्यातले पाऊण अंग उघडे राहते, साडेसात हजार चौरस सेंटिमीटर. प्रत्येकी दोन मिलिग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम. बाटली ६० मिलिलिटरची. मिलिलिटर आणि ग्रॅम यांतला बारीक फरक सोडून दिला, तर अशा फक्त चार वेळा ती पुरेल. समुद्रावर घालवलेल्या एका दिवसात ती रिकामी व्हायला हवी. आमच्याकडे एक बाटली सगळ्या उन्हाळ्याला पुरते असे जेव्हा कुणी समाधानाने सांगते, तेव्हा त्या घरातल्या कुणालाच बाटलीवरचा एसपीएफ मिळालेला नसतो.

हाच हिशेब वेगळ्या कपड्यात करून पाहू. जपानी समुद्रकिनाऱ्यांवर मुले-मोठी सर्रास ‘रॅशगार्ड’ घालतात, म्हणजे लांब बाह्यांचा, अंगाला बसणारा, पोहताना घालायचा सदरा. त्याखाली गुडघ्यापर्यंतची चड्डी घातली तर चेहरा, कान, मान, हाताचे पंजे, पोटऱ्या आणि पावले एवढेच उघडे उरते, म्हणजे अंगाचा साधारण तिसरा भाग. माप पंधरा ग्रॅमवरून सातच्या खाली येते आणि तीच बाटली आठ-नऊ वेळा पुरते. कपड्याने झाकलेला भाग पुन्हा पुन्हा माखायला लागत नाही, हा फायदा कुठल्याही बाटलीवर लिहिलेला नसतो.

चेहऱ्यासाठी जपानमध्ये एक सोपे माप सांगतात. पातळ सनस्क्रीन असेल तर तळहातावर एक येनच्या नाण्याएवढे घ्यायचे, ते चेहऱ्यावर पसरायचे, आणि मग तेवढेच पुन्हा घेऊन दुसरा थर द्यायचा. एक येनचे नाणे वीस मिलिमीटर व्यासाचे असते, साधारण आपल्या हल्लीच्या एक रुपयाच्या नाण्याएवढे. या सूचनेतला ‘तेवढेच पुन्हा’ हा भाग भाषांतरात गळता कामा नये. एका थरात माप पूर्ण होत नाही आणि लावताना सुटून गेलेल्या जागा दुसऱ्या थरात भरून निघतात. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पावलांचा वरचा भाग या नेहमी सुटणाऱ्या जागा आहेत. संध्याकाळी लाल झालेली त्वचा नेमकी तिथेच सापडते.

तिच्या बाटलीवर वापराच्या सूचनांची सुरुवात ‘नीट हलवून मगच वापरा’ अशी होती. जपानी पातळ सनस्क्रीनमध्ये पुष्कळदा दोन थर असतात. बाटली उभी राहिली की किरण अडवणारी पूड खाली बसते आणि द्रव वर राहतो. आत एक छोटी गोळी टाकलेली असते आणि हलवल्यावर तिचा खडखड आवाज येतो. न हलवता ओतले की हातावर येतो तो मुख्यतः वरचा द्रव. मग माप पूर्ण घेऊनही उपयोग होत नाही. ती गोळी कशाला आहे हे भारतातून गेलेल्या माणसाला कुणी सांगितलेले नसते आणि आत काहीतरी तुटले आहे असे वाटून बाटली परत करायला निघालेली माणसे मी पाहिली आहेत.

पुढचे चिन्ह पीए++++. हे मूळचे जपानी. तिथल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेने १९९६ साली ते लागू केले आणि आज आपल्याकडच्या औषधाच्या दुकानातल्या ट्यूबवरही तेच छापलेले असते. एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांबद्दल बोलतो, तर पीए त्वचा रापवणाऱ्या, खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांबद्दल. चाचणी तशीच पाठीवरची, फक्त इथे लालीऐवजी त्वचा टिकून राहील इतकी काळवंडायला किती पट मात्रा लागली ते पाहतात. हे गुणोत्तर दोन ते चारच्या आत असेल तर एक अधिक, चार ते आठच्या आत असेल तर दोन, आठ ते सोळाच्या आत असेल तर तीन, आणि सोळा किंवा त्याहून जास्त असेल तर चार. चौथे अधिक २०१३ पासून आले. म्हणजे ही अधिकची चिन्हे नुसती गुण दिल्यासारखी नाहीत. दर चिन्हाला खालची मर्यादा दुप्पट होते. तीन आणि चार यांतला फरक एका चिन्हाचा दिसतो, पण तो संरक्षण दुपटीने वाढल्याचा असू शकतो. फोटो तिरका किंवा अस्पष्ट आला की चौथे चिन्ह हमखास हरवते, म्हणून मी ती चिन्हे मोठी करून एकेक मोजते.

आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीच्या दृष्टीने माझ्या मते हेच चिन्ह आधी पाहावे. आपल्याला चटकन लाली येत नाही किंवा आली तरी दिसत नाही. आपण रापतो, डाग गडद होतात, वांग वाढतो. एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही गडद त्वचेत रंग वाढवतो आणि त्याचे माप एसपीएफमध्येही नाही आणि पीएमध्येही नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाची छटा दिलेले सनस्क्रीन लागते. वांग असलेल्या माणसाने चार अधिक पाहून तेवढ्यावर निश्चिंत राहू नये.

आता ते दोन तारे. बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर इथून सुरू होते.

‘ताइसुइसेई’मध्ये ‘ताइ’ म्हणजे सोसणे, ‘सुइ’ म्हणजे पाणी. पाणी सोसण्याची क्षमता. याला मराठीत ‘जलरोधक’ म्हटले की छत्रीच्या कापडासारखे काहीतरी डोळ्यांपुढे येते: पाणी पडले, ओघळले, आत काही झाले नाही. त्वचेवरच्या थराचे तसे नसते. तो पाण्यात सुटत जातो, फक्त हळूहळू. म्हणून मी ‘पाण्यात टिकणारे’ असे लिहिते आणि लगेच पुढे किती टिकणारे तेही लिहिते. जपानमध्ये २०२२ च्या डिसेंबरपर्यंत हे ‘किती’ लेबलवर एका मापात येत नव्हते. ‘वॉटरप्रूफ’, ‘सुपर वॉटरप्रूफ’ असे शब्द कंपन्या आपापल्या पद्धतीने वापरत, आणि ते अजूनही बाटल्यांवर दिसतात. ताऱ्यांची पद्धत सुरू झाल्यावर निदान तारे असलेल्या बाटल्यांची एकमेकींशी तुलना करता येऊ लागली.

चाचणी अशी असते. पुन्हा माणसाची पाठ, तेच दोन मिलिग्रॅमचे माप. आधी कोरड्या त्वचेवर एसपीएफ मोजतात. मग सनस्क्रीन लावलेला माणूस कोमट, वाहत्या पाण्याच्या टबात वीस मिनिटे बसतो, बाहेर येतो, अंग न पुसता वाळू देतो, आणि पुन्हा वीस मिनिटे बसतो. अशा दोन खेपा म्हणजे चाळीस मिनिटे झाल्या की एका ताऱ्याची चाचणी पूर्ण होते. चार खेपा, म्हणजे ऐंशी मिनिटे, झाल्या की दोन ताऱ्यांची. त्यानंतर एसपीएफ पुन्हा मोजतात. कोरड्या त्वचेवर मिळालेल्या संरक्षणाच्या निम्मे किंवा जास्त शिल्लक असेल तर तारे मिळाले.

निम्मे. संपूर्ण लेबलवरची ही सर्वांत महत्त्वाची अट आहे आणि पुढच्या बाजूला तिचा मागमूस नसतो. कोरड्या अंगावर ५२ मोजली गेलेली बाटली ऐंशी मिनिटांच्या पाण्यानंतर २६ च्या थोडी वर राहिली, तरी ती एसपीएफ ५०+ आणि दोन तारे असे दोन्ही अभिमानाने आणि प्रामाणिकपणे छापू शकते. ‘ऐंशी मिनिटे एसपीएफ ५०+ टिकते’ हे भाषांतर म्हणूनच चूक आहे. बरोबर असे: ‘एकूण ऐंशी मिनिटे पाण्यात राहिल्यावर निदान निम्मे संरक्षण शिल्लक राहते, हे चाचणीत दिसले आहे.’

यात आणखी एक गुंता आहे, जो अमेरिकेत राहणाऱ्या आणि जपानला जाऊन आलेल्या आपल्या लोकांना खास ठाऊक हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०११ च्या नियमांनुसार तिथल्या बाटलीवरही ‘चाळीस मिनिटे’ किंवा ‘ऐंशी मिनिटे’ असे लिहितात आणि तिथेही खेपा वीस-वीस मिनिटांच्याच असतात. पण तिथे छापलेला एसपीएफ पाण्यातून बाहेर आल्यानंतर मोजलेला असतो. म्हणजे अमेरिकन बाटलीवर ‘५०, ऐंशी मिनिटे’ असेल तर चाचणीतल्या माणसाच्या पाठीवर ऐंशी मिनिटांनंतर ५० होते. जपानमध्ये, आणि युरोपातल्या रूढ पद्धतीतही, आकडा कोरड्या अंगाचा असतो आणि पाण्याचा दावा त्याच्या निम्म्याचा. मिनिटे तीच, आकडा तोच, वचन वेगळे. त्याच नियमांनी अमेरिकेत ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘स्वेटप्रूफ’ हे शब्द लेबलवरून हद्दपार केले. त्यामुळे जपानी बाटलीवरचा ‘सुपर वॉटरप्रूफ’ हा शब्द अमेरिकेहून आलेल्या पाहुण्याला जास्तच जोरकस वाटतो.

चाचणीतल्या टबात काय काय नसते, तेही पाहायला हवे. त्यात लाट नसते, मीठ नसते, तरण तलावाचे क्लोरिन नसते, वाळूत लोळणारे मूल नसते. आणि मुख्य म्हणजे टॉवेल नसतो. अंग पुसायचे नाही ही चाचणीची अट आहे, कारण पुसल्याने थर पाण्यापेक्षा कितीतरी झटपट निघतो. चिऊ पाण्यातून दहा मिनिटांत बाहेर आली आणि आईने तिला खसखसून पुसले, की तारे दोन असोत की एक, त्यांचा संबंध संपला.

लेबलवर हे लिहिलेले असतेच, फक्त ते एका वेगळ्या ओळीत असते: ‘घाम आल्यावर किंवा टॉवेल वगैरेने अंग पुसल्यावर न चुकता पुन्हा लावा.’ जपानी वाक्यात ‘कानाराझु’ हा शब्द आहे. त्याचा जोर ‘शक्यतो’ किंवा ‘गरज वाटल्यास’मध्ये उतरत नाही. त्याच्या मागच्या ओळीत आणखी एक शब्द होता, ‘कोमामे नि’. कंटाळा न करता, वरचेवर, थोड्या थोड्या वेळाने असा त्याचा अर्थ. इथे भाषांतर करणाऱ्याला मोह होतो तो आकडा भरण्याचा: ‘दर दोन तासांनी लावा’. अमेरिकन लेबलवर ‘निदान दर दोन तासांनी’ असे लिहिण्याचे बंधनच आहे आणि सल्ला म्हणून तो उत्तम आहे. पण या बाटलीवर तो लिहिलेला नाही. मी भाषांतरात ‘वरचेवर’ असे लिहिले आणि खाली, वेगळ्या ओळीत, माझा सल्ला म्हणून दोन तासांचा उल्लेख केला. औषधाच्या किंवा त्वचेच्या बाबतीत लेबलने काय सांगितले आणि भाषांतर करणाऱ्याने काय जोडले, हे वाचणाऱ्याला वेगळे दिसलेच पाहिजे.

दोन तास आणि ऐंशी मिनिटे यांचीही गल्लत होते. ऐंशी मिनिटे ही पाण्यातली. दोन तास हे कोरड्या अंगाचे, जिथे घाम, कपड्यांचे घासणे, हात पुसणे यांनी थर विरळ होत जातो. दोन्हींपैकी जे आधी येईल ते पाळायचे, आणि टॉवेल त्या दोन्हींच्याही आधी येतो.

सगळे वाचून झाल्यावर मी तिला लेबलचे भाषांतर पाठवले ते असे:

‘सनस्क्रीन, पातळ. एसपीएफ ५० पेक्षा जास्त. यूव्हीए संरक्षण सर्वोच्च श्रेणीचे, चार अधिक. पाण्यात टिकण्याची श्रेणी दोन तारे: एकूण ऐंशी मिनिटे पाण्यात राहिल्यावर निदान निम्मे संरक्षण उरते. बाटली नीट हलवा. योग्य प्रमाणात घेऊन कुठे कमी-जास्त न होता पसरा. प्रमाण कमी झाल्यास पुरेसे संरक्षण मिळत नाही. परिणाम टिकण्यासाठी वरचेवर लावा. घाम आल्यावर किंवा अंग पुसल्यावर न चुकता पुन्हा लावा. रोजच्या साबणाने धुतले जाते.’

शेवटच्या ओळीने ती बुचकळ्यात पडली. “पाण्यात टिकतं म्हणतेस आणि साबणाने जातं म्हणतेस, मग टिकतं कसलं?” विरोध नाही. पाण्यात न विरघळणारा थर साबणाच्या फेसात सुटतो, तेलकट ताटाचे होते तसेच. ही ओळ रात्री अंघोळीसाठी आहे, वेगळे तेल किंवा मेकअप काढायचा द्रव लागत नाही एवढेच सांगणारी. काही बाटल्यांवर ती नसते आणि त्यांना खरोखर वेगळे क्लिन्झर लागते.

मग तिच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी भाषांतराच्या खाली लिहिले. चिऊला रॅशगार्ड घाल. निघण्याआधी घरीच, उघड्या राहणाऱ्या सगळ्या अंगाला दोन थर दे आणि वाळू दे. पाण्यात चाळीस मिनिटे झाली की बाहेर बोलव. ऐंशीची वाट पाहू नकोस, कारण समुद्र हा चाचणीचा टब नव्हे. अंग टिपून घे, पुन्हा लाव, सावलीत काही खायला दे, आणि मग पुन्हा सोड. अकरा ते दोनच्या दरम्यान शक्यतो पाण्यात नकोच. “म्हणजे हे लावून किती वेळ, याला आकडाच नाही?” तिने विचारले. नाही. बाटलीवर तसा आकडा कुठेही नाही.

तिचा शेवटचा प्रश्न तारखेबद्दल होता. बाटलीवर एक्स्पायरी सापडत नाही, फोटोत निसटली का? निसटली नव्हती. जपानच्या कायद्यानुसार न उघडता तीन वर्षांहून अधिक काळ चांगल्या राहणाऱ्या प्रसाधनांवर तारीख छापणे सक्तीचे नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेक बाटल्यांवर ती नसतेच. भारतात प्रसाधनांवर वापराची मुदत छापलेली पाहायची आपल्याला सवय असते, म्हणून आपण ती शोधत बसतो आणि तळाशी छापलेली अक्षरे-आकड्यांची ओळ तारीख समजून वाचतो. ती उत्पादनाच्या खेपेची खूण असते. तिच्यातून महिना-वर्ष काढायचा प्रयत्न करू नये. बाटली उघडल्याची तारीख पेनाने तिच्यावर लिहावी, तो उन्हाळा संपेपर्यंत ती वापरून टाकावी, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर तापत पडलेली किंवा हलवूनही ज्यातली पूड एकजीव होत नाही अशी बाटली टाकून द्यावी. चिऊला लावायच्या मापाने ती एक-दोन रविवारांतच संपेल, तेव्हा तिच्या घरी ही वेळ बहुधा येणार नाही.